बसमधली डुलकी आणि पहिला पीस

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळीचा सीएनसी ऑपरेटर दहाला कार्ड पंच करतो आणि थेट मशीनवर जातो. मागच्या पाळीने कोणतं टूल बदललं, ऑफसेट किती दिला हे विचारायचं, पहिला पीस काढून मायक्रोमीटरने मोजायचा, मग लागेल तेवढा ऑफसेट टाकायचा. ०.०५ च्या जागी ०.५ पडला की जॉब गेलाच. पाळीतलं सगळ्यात नाजूक काम असं पहिल्या वीस मिनिटांत येतं.

त्याच वेळी डोकं अर्धवट झोपेत असतं, आणि त्याचं कारण बऱ्याचदा कंपनीच्या बसमध्ये सापडतं. नऊला बस सुटते, खिडकीला डोकं टेकतं, पावणेदहाला गेटपाशी शेजारी हलवून उठवतो. आधीच झोप कमी झालेला माणूस पाऊण तासात गाढ झोपेत शिरतो. त्यातून एकदम उठवलं की गुंगी पंधरा मिनिटं ते अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त टिकते. डोळे उघडे असतात, पण आकडा वाचून तो मनात धरायला वेळ लागतो. तोंडावर पाणी मारल्याने हे जात नाही.

म्हणून ही झोप दुपारीच घ्यावी. पहिल्या रात्रपाळीच्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे उठा. दीड ते चारच्या दरम्यान शरीर आपणहून सुस्तावतं, तेव्हा खोली अंधारी करून दीड तास झोपा. संध्याकाळी सात-आठला झोपायचा प्रयत्न सहसा फसतो, कारण नेहमीच्या निजण्याच्या दोन-तीन तास आधी शरीर उलट जास्त जागं असतं. पहाटे चारला उठायचं म्हणून पहिल्या पाळीवाले आठला आडवे होतात आणि छताकडे बघत राहतात, तेही यामुळेच.

मुख्य जेवण साडेसातला घरीच करा: दोन भाकऱ्या, भाजी, आमटी. निघता निघता पोटभर भात खाल्लात तर बसमध्ये डोळे मिटणारच. सव्वानऊचा चहा दहापर्यंत अंगात उतरतो. बसमध्ये पेंग आवरेनाच, तर बसल्याबसल्या डोळे मिटा आणि वीस मिनिटांचा गजर लावा, म्हणजे सावरायला दहा वाजायच्या आधीचा वेळ हाती राहतो. मध्यरात्रीनंतर कँटीनचं पूर्ण ताट नको. एक वाजता पोहे किंवा वाटीभर उसळ पुरे. दोननंतर चहाही नको, नाहीतर सकाळची झोप तुटते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात.

एवढं सांभाळूनही पहाटे तीन ते पाचची पेंग पूर्ण टळत नाही. दुपारची झोप ती फक्त सौम्य करते, त्यामुळे टूल बदलण्यासारखं काम त्या वेळेवर ढकलू नये.

आणि दहाला जागे आहोत की नाही, हे मायक्रोमीटरच सांगतो. पहिला पीस दोनदा मोजा आणि दोन्ही वेळा आकडा वहीत लिहा. दोन्हींत फरक आला, किंवा लिहिताना पुन्हा मायक्रोमीटरकडे बघावं लागलं, तर ऑफसेटला हात लावू नका. जाणारा ऑपरेटर अजून बूट बदलत असतो. त्याला बोलवा आणि तिसऱ्यांदा त्याला मोजायला सांगा.