विश्लेषण : बाळाचे वजन ‘१५ व्या पर्सेंटाइल’वर, म्हणजे नेमके कुठे?

लसीकरणाच्या पुस्तिकेतील वाढीच्या आलेखावर सिस्टर एक ठिपका देतात आणि शेजारी दोन-चार ओळी लिहितात. त्या ओळींतला एक आकडा घरात चिंता निर्माण करतो. तो आकडा कसा वाचायचा?

नऊ महिन्यांची मुलगी. लसीसाठी दवाखान्यात आणली तेव्हा वजन झाले. सिस्टरने पुस्तिकेतील आलेखावर ठिपका दिला आणि खाली चिठ्ठीवजा मजकूर लिहिला:

‘वजन ७.३ किलो. वय ९ महिने पूर्ण. मुलींच्या तक्त्यावर १५ व्या पर्सेंटाइलची रेषा. जन्मापासून याच रेषेवर आहे, रेषा सोडलेली नाही. लांबीही त्याच प्रमाणात. अंगावरचे दूध आणि घट्ट वरचे खाणे सुरू ठेवा. पुढच्या महिन्यात याच काट्यावर वजन करू.’

घरी आल्यावर वाचला गेला तो फक्त ‘१५’ हा आकडा. शंभरात पंधरा? म्हणजे बाळ नापास? आजी म्हणाली, दूध पुरत नसेल. बाबांनी डबाबंद पावडरची चौकशी सुरू केली. चिठ्ठीत मात्र असे काहीच म्हटलेले नव्हते. लसीकरणाच्या दिवशी अनेक घरांत घडणारा हा प्रसंग आहे, म्हणून ही चिठ्ठी ओळीओळीने समजून घेऊ.

पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, मग काय?

आपल्याकडे पर्सेंटाइल हा शब्द घराघरांत पोहोचला तो सीईटीच्या निकालातून. तिथे ९९ म्हणजे पेढे आणि १५ म्हणजे पुढच्या वर्षीची तयारी. वजनाच्या तक्त्यावर हा हिशेब लागू होत नाही. तिथे पर्सेंटाइल फक्त रांगेतली जागा सांगतो.

नऊ महिन्यांच्या १०० निरोगी मुली वजनानुसार एका रांगेत ठेवल्या, सर्वांत हलकी पहिली आणि सर्वांत जड शेवटी, तर ७.३ किलोच्या मुलीच्या मागे साधारण १५ जणी असतील आणि पुढे ८५. रांगेच्या मधोमध, म्हणजे ५० व्या पर्सेंटाइलवर, ८.२ किलोची मुलगी असेल. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की या रांगेतल्या शंभरही मुली निरोगी आहेत. कोणी तरी पंधरावी असणारच. सगळ्या मुली पन्नासाव्या कशा असतील?

बहुतेक पुस्तिकांत ३, १५, ५०, ८५ आणि ९७ अशा पाच रेषा असतात. ‘५० च्या खाली म्हणजे कमी’ असे धरले, तर निरोगी बाळांपैकी निम्मी बाळे कमी वजनाची ठरतील. जास्त वरच्या रेषेवरचे बाळ अधिक सुदृढ, असेही नाही.

हा तक्ता परदेशी बाळांचा आहे का?

‘आपली बाळे लहान चणीचीच असतात, हा तक्ता गोऱ्या मुलांचा,’ असे अनेकदा ऐकू येते. पाच वर्षांपर्यंत वापरला जाणारा हा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतील मुलांची मोजमापे घेतली होती. त्यात दिल्लीची मुलेही होती. आईचे दूध मिळालेली, घरात कोणत्याही अभावाला सामोरी न गेलेली, आई धूम्रपान करत नाही अशा घरांतील ही मुले होती. चांगली परिस्थिती मिळाली तर पहिल्या पाच वर्षांत वेगवेगळ्या देशांतील मुले जवळपास सारखीच वाढतात, असे त्यातून दिसले. त्यामुळे हा तक्ता ‘मुले किती वाढतात’ यापेक्षा ‘मुले किती वाढू शकतात’ हे सांगतो.

‘याच रेषेवर आहे’ हे वाक्य महत्त्वाचे का?

चिठ्ठीतले सर्वांत मोलाचे वाक्य हेच आहे. या मुलीच्या नोंदी पाहा. जन्मवेळी २.८ किलो, तीन महिन्यांची असताना ५.१, सहा महिन्यांची असताना ६.४ आणि आता ७.३. हे चारही ठिपके १५ व्या पर्सेंटाइलच्या रेषेवर पडतात. म्हणजे तिने स्वतःची एक वाट धरली आहे आणि ती त्या वाटेवरून चालते आहे.

पहिल्या तीन महिन्यांत तिचे वजन २.३ किलोने वाढले, पुढच्या तीन महिन्यांत १.३ किलोने आणि त्यापुढच्या तीन महिन्यांत ०.९ किलोने. ‘आधी भराभर वाढायची, आता वाढतच नाही,’ ही आईची तक्रार इथून येते. पण तक्त्यावरची रेषाही वयानुसार अशीच आडवी होत जाते. बाळाचा वेग मंदावला म्हणून घाबरायचे नाही. रेषेच्या तुलनेत तो मंदावला का, एवढे पाहायचे.

आता समजा, त्याच दिवशी दवाखान्यात नऊ महिन्यांची आणखी एक मुलगी आली. तिचेही वजन ७.३ किलो. ठिपकाही त्याच जागी, १५ व्या पर्सेंटाइलवर. पण तिच्या मागच्या नोंदी वेगळ्या आहेत. जन्मवेळी ३.२, तिसऱ्या महिन्यात ५.८, सहाव्या महिन्यात ७.३. सहा महिने ती ५० व्या पर्सेंटाइलच्या रेषेवर होती आणि त्यानंतर तीन महिन्यांत वजन जागचे हललेले नाही. तिच्या पुस्तिकेत सिस्टर लिहितील: ‘६ महिन्यांनंतर वजन वाढलेले नाही. आज डॉक्टरांना भेटूनच जावे.’

दोघींचा आकडा एकच, पण पहिलीच्या घरी निश्चिंत राहायला हवे आणि दुसरीच्या घरी कारण शोधायला हवे. एका ठिपक्यावरून हे कळत नाही. ठिपके जोडून तयार होणारी रेषा पाहावी लागते.

वजन सहा महिन्यांनंतरच का अडते?

सहा महिने पूर्ण झाल्यावर फक्त आईचे दूध पुरत नाही आणि वरचे खाणे सुरू होते. गडबड इथेच होते. डाळीचे वरचे पाणी, भाताची पेज, पातळ सूप यांनी बाळाचे इवलेसे पोट भरते, पण त्यात ऊर्जा फार कमी असते. खाणे चमचा तिरका केल्यावर पाण्यासारखे ओघळता कामा नये. मऊ शिजवलेली घट्ट खिचडी, त्यात चमचाभर तूप किंवा तेल, कुस्करलेली डाळ-भाजी, चालत असेल तर अंडे, असा आहार नऊ महिन्यांच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा हवा, शिवाय अंगावरचे दूध सुरूच ठेवायचे.

खाणे पुरेसे असूनही वजन अडले असेल तर वारंवार होणारे जुलाब, लघवीचा संसर्ग, रक्ताची कमतरता अशा शक्यता डॉक्टर तपासतात.

मात्र प्रत्येक वेळी रेषा बदलणे म्हणजे आजार नव्हे. जन्मवेळी वजनदार असलेली, पण आई-वडील बांध्याने लहान असलेली काही बाळे पहिल्या दोन वर्षांत हळूहळू खालच्या रेषेवर स्थिरावतात. तिथे लांबी, हुशारी, खेळणे सारे नीट असते आणि वजन पुढे वाढतच राहते. हा फरक डॉक्टरांनी ठरवायचा असतो.

ठिपकाच चुकीच्या जागी पडला तर?

असे होऊ शकते, आणि कसे ते पालकांना ओळखता येते. पहिली चूक तक्त्याची. मुलगे आणि मुली यांचे तक्ते वेगळे असतात. हेच ७.३ किलो वजन मुलग्यांच्या तक्त्यावर मांडले तर ठिपका थेट तिसऱ्या पर्सेंटाइलच्या जवळ जातो आणि विनाकारण धावपळ होते.

दुसरी चूक वयाची. बाळ ३२ व्या आठवड्यात जन्मले असेल, तर ते ४० आठवड्यांच्या आठ आठवडे आधी आले. दोन वर्षांपर्यंत त्याचे वय तेवढे कमी धरायचे असते. नऊ महिन्यांची अशी मुलगी तक्त्यावर सात महिन्यांची धरली की तिचे ७.३ किलो १५ आणि ५० च्या रेषांच्या मध्ये येतात.

तिसरी आणि सर्वांत नेहमीची चूक काट्यावरची. नऊ महिन्यांच्या सुमारास आपल्या पहिल्या मुलीचे वजन महिन्याला साधारण ३०० ग्रॅमने वाढते आहे. भिजलेला डायपर, स्वेटर आणि पायमोजे मिळून दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. मागच्या वेळी कपड्यांसह आणि या वेळी कपड्यांशिवाय वजन केले, तर महिनाभराची बहुतेक वाढ कागदावर गायब होते. म्हणून काटा शून्यावर आहे हे पाहायचे, डायपर काढायचा आणि शक्यतो तोच काटा वापरायचा.

मग काळजी कधी करायची?

तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली ठिपका गेला, तर बाळ डॉक्टरांना दाखवायला हवे. नऊ महिन्यांच्या मुलीसाठी ही रेषा ६.६ किलोच्या आसपास आहे. अंगणवाडीच्या कार्डावर पर्सेंटाइल नसून रंगीत पट्टे असतात. त्यातील हिरवा पट्टा जिथे संपतो ती रेषा आणि तिसऱ्या पर्सेंटाइलची रेषा जवळपास एकाच ठिकाणी येतात. ७.३ किलोची मुलगी तिथे हिरव्या पट्ट्यातच दिसेल.

ठिपका कोणत्याही रेषेवर असो, बाळाने एका पाठोपाठ रेषा ओलांडत खाली येणे, दोन नोंदींमध्ये वजन अजिबात न वाढणे किंवा घटणे, हीदेखील दाखवण्याची कारणे आहेत. ठिपके ८५, ९७ अशा वरच्या रेषा झपाट्याने ओलांडत गेले तरी विचारायला हवे.

शिवाय वजन एकटे अर्धीच गोष्ट सांगते. ७.३ किलोचे बाळ बेताच्या लांबीचे आणि भरलेले असू शकते किंवा लांब आणि सुकलेले. म्हणून सिस्टर बाळाला आडवे झोपवून लांबीही मोजतात. चिठ्ठीत ‘लांबीही त्याच प्रमाणात’ असे लिहिले होते ते यासाठी. आपल्या पुस्तिकेत लांबीची जागा कोरी असेल, तर ती मोजून लिहून घ्यावी.

पहिल्या मुलीच्या घरी पावडरच्या डब्याची गरज नव्हती. तिच्यासाठी करायचे होते ते चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत आहे: पुढच्या महिन्यात, त्याच काट्यावर, पाचवा ठिपका.