दाराचा स्टॉपर कुठे बसवावा?

पायात येऊ नये म्हणून आमच्या खोलीच्या दाराचा स्टॉपर मिस्त्रींनी पार कोपऱ्यात, बिजागरीपासून जेमतेम १५ सेंटिमीटरवर ठोकला. वर्षभरात बिजागरीचे स्क्रू ढिले. लाकूड हलकं असेल म्हणून सुताराने जाड स्क्रू बसवले, तेही सैल झाले. दोष लाकडाचा नव्हताच.

धक्क्याचं बळ आणि तो टिकतो तो वेळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग. दार वळवायला नुसता आवेग पुरत नाही. तो बिजागरीपासून किती अंतरावर बसला तेही मोजावं लागतं. आवेग गुणिले अंतर हा झाला कोनीय आवेग. त्याला दाराच्या जडत्व आघूर्णाने, म्हणजे वळण्याला होणाऱ्या विरोधाने भागलं, की दाराचा कोनीय वेग किती बदलला ते कळतं.

दार २४ किलोचं, ९० सेंटिमीटर रुंद धरू. त्याचं जडत्व आघूर्ण ६.४८ येतं. मुठीपाशी, ८० सेंटिमीटरवर, ६ न्यूटन-सेकंदाचा धक्का दिला तर दार सेकंदाला ४२ अंश वेगाने फिरू लागतं. तोच धक्का २० सेंटिमीटरवर दिला, तर साडेदहा अंशांनी. अंतर पाव, वेग पाव.

खरी गंमत बिजागरीपाशी आहे. दुसऱ्या धक्क्यात दाराला एकूण संवेग मिळतो फक्त २. आपण तर ६ दिले होते! उरलेले ४ बिजागरीने उलट दाबून खाल्ले. मुठीपाशी मारलं तर दाराचा संवेग होतो ८, म्हणजे वरचे २ बिजागरीने पदरचे घातले. मध्ये कुठेतरी बिजागरीला काहीच करावं लागत नाही, अशी जागा असणारच. ती ६० सेंटिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या दोन तृतीयांशावर आहे. तिला आघातकेंद्र म्हणतात. दार सगळीकडे सारख्या जाडीचं असेल तरच हा हिशेब अचूक.

दार थांबवणं हाही धक्काच. सेकंदाला ५७ अंशांनी येणारं दार ६० सेंटिमीटरवरच्या स्टॉपरला १०.८ न्यूटन-सेकंदांत थांबतं आणि बिजागरीला आडवा झटका बसत नाही. आमच्या १५ सेंटिमीटरवरच्या स्टॉपरला त्याच कामाला ४३.२ लागायचे, आणि त्यातले ३२.४ बिजागरीतून यायचे. स्क्रू कसे टिकणार? जमिनीवरचा स्टॉपर दाराला तळाशीच अडवतो, त्यामुळे थोडा पीळ राहतोच. तरी फरक मोठा आहे.

पटत नसेल तर ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी गुळगुळीत टेबलावर ठेवा, २० च्या खुणेवर हलकी आडवी टिचकी मारा आणि शून्याच्या टोकाकडे बघा. ते क्षणभर जागचं हलत नाही. २८ वर मारलीत तर तेच टोक उलट दिशेला सरकतं.