रियाज नसताना ‘नाही’ म्हणताना

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची यादी करताना सोसायटीच्या काकू हमखास म्हणतात, “तू गायचीस ना? एकच गाणं म्हण!” रियाज सुटलेल्या गळ्यासाठी हे ‘एकच’ही सोपं नसतं. चाल आणि शब्द आठवतात, पण आधी दम जातो. ओळ मध्येच तुटते, तार षड्ज ताणून लावावा लागतो, ताना एकमेकींत मिसळतात. पूर्वी काळी चारमध्ये सहज गाणारीला आता काळी दोन बरी वाटते आणि ट्रॅक मात्र मूळ पट्टीतलाच असतो. घरी तानपुरा लावून एक अंतरा रेकॉर्ड करून ऐकला की हे लगेच कळतं.

घसा बसल्याची सबब सांगू नये. काकू ज्येष्ठमध घेऊन दारात येतात! ‘बघू’ म्हटलं तर नाव पत्रिकेत छापलं जातं. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी सांगावं, “काकू, बरीच वर्षं रियाज नाही, म्हणून यंदा एकटी गाणार नाही. मुलांचं समूहगीत मात्र बसवून देते.” तरीही आग्रह होतोच. तेव्हा नवी कारणं शोधू नयेत, तेच वाक्य हसून पुन्हा म्हणावं.