मधली सुट्टी संपल्यावरची दहा मिनिटं

जिल्हा परिषदेच्या शाळेतला तिसरीचा वर्ग घेऊ. पटावर 36 मुलं. खिचडी खाऊन झाली आहे, उरलेला वेळ मैदानावर पकडापकडीत गेला आहे आणि घंटा वाजली आहे. काही मुलं नळावर ताटं धूत आहेत, काहींचे हात ओले आहेत, दोघं-तिघं एकमेकांची तक्रार घेऊन बाईंकडे धावत येत आहेत. वर्गात शिरल्यावर बहुतेक ठिकाणी एकच हुकूम सुटतो: हाताची घडी, तोंडावर बोट. 36 बोटं तोंडावर जातात, आणि अर्ध्या मिनिटात खाली येतात.

यात मुलांचा हट्टीपणा नसतो. पाच मिनिटांपूर्वी ती जिवाच्या आकांताने पळत होती. छातीची धडधड अजून चालू आहे, श्वास भरभर चालला आहे, हातापायांत खेळ शिल्लक आहे. अशा शरीराला एकदम दगडासारखं बस म्हटलं, तर ते बसतं, पण आतून पळतच राहतं. मग बाकावर पाय हलतात, पट्टी वाजते, शेजाऱ्याच्या दप्तराला धक्का लागतो. बाई आवाज चढवतात आणि वर्गही चढतो.

या चढाओढीमागे एक जुनं निरीक्षण आहे. एतिएन लोंबार्ड नावाच्या फ्रेंच कान-घशाच्या डॉक्टरने 1911 मध्ये नोंदवलं, की कानांवर गोंगाट पडू लागला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो आणि गोंगाट थांबला की आवाज आपोआप खाली येतो. वर्गात हे सगळ्यांच्या बाबतीत एकाच वेळी घडतं. प्रत्येक मूल शेजाऱ्याला ऐकू जावं म्हणून थोडं मोठ्याने बोलतं, बाई त्या सगळ्यांच्या वर बोलतात, आणि त्यामुळे पुन्हा प्रत्येकाला आवाज वाढवावा लागतो. ओरडून वर्ग शांत होतो तो दचकून, आणि दचकणं ओसरलं की पुन्हा तेच. उलट दिशेनेही हाच नियम लागू पडतो. आवाज पायरीपायरीने खाली आणला, तर प्रत्येक मुलाची मोठ्याने बोलण्याची गरजच कमी होत जाते. पुढच्या दहा मिनिटांची सगळी रचना या उतरणीवर उभी आहे.

थेट शांततेपासून सुरुवात का करू नये, हे गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मध्ये फार प्रामाणिकपणे आलं आहे. कथेतला शिक्षक चौथीच्या वर्गावर पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो. हा खेळ मॉंटेसरींचा. त्यात मुलं निश्चल बसतात आणि दुरून कुजबुजलेल्या आवाजात आपलं नाव येण्याची वाट पाहतात. पण त्या वर्गात दारं-खिडक्या बंद होताच मुलं आवाज काढू लागतात आणि प्रयोग कोसळतो. खेळ वाईट नव्हता. ज्या मुलांना त्याची तयारीच नव्हती, त्यांच्याकडून शेवटची पायरी पहिल्यांदा मागितली गेली.

तर पहिली पायरी वर्गात नसून दारात आहे. घंटा होताच बाईंनी टेबलापाशी न जाता उंबऱ्यावर उभं राहावं. ज्याने पाणी प्यायलं, हात पुसले, चपला ओळीत ठेवल्या, त्याने आत जायचं आणि आपल्या जागेवर उभं राहायचं. बसायचं नाही. उभं राहण्याला कारण आहे: पुढची तीन मिनिटं शरीर हलणार आहे आणि बसलेल्या मुलांना पुन्हा उठवणं म्हणजे नवा गोंधळ. आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हळू आवाजात नाव घ्यावं. याला दोन मिनिटं लागतात. नळावर रांग लांब असेल तर पाणी पिण्याची सूचना घंटेच्या पाच मिनिटं आधीच द्यावी, नाहीतर सगळा वेळ नळच खाईल.

नंतरची तीन मिनिटं टाळ्यांची. आधी बाई टाळ्यांची एक छोटी चाल वाजवतात: दोन सावकाश, तीन जलद. मुलं तीच परत करतात. तोंडाने सूचना अजिबात नाही. बोलत असलेल्या मुलाची टाळी चुकते, शेजारी सावरून घेतो, आणि तिसऱ्या-चौथ्या चालीपर्यंत पूर्ण वर्ग एका ठेक्यावर येतो. चाली सोप्याच हव्यात. अवघड चाल दिली की हशा पिकतो आणि चढण सुरू होते.

मग पावसाच्या टाळ्या. हा खेळ आपल्या शाळांत सगळ्यांना ठाऊक आहे: तळहातावर आधी एक बोट, मग दोन, मग तीन, असं करत पाचही बोटांनी मुसळधार. मधल्या सुट्टीनंतर मात्र तो उलटा खेळायचा. मुलं मुसळधार पाऊस घेऊनच आलेली असतात, तेव्हा सुरुवात पाच बोटांनी करावी आणि ती मनसोक्त वाजू द्यावी. साधारण वीस सेकंदांनी बाई फक्त हात उंच करून चार बोटं दाखवतात. मग तीन, दोन, एक. एका बोटाच्या टाळीला जवळजवळ आवाजच नसतो, म्हणून ती ऐकू येण्यासाठी मुलं स्वतःहून कान टवकारतात. शेवटी बोट तळहातावर टेकतं आणि तसंच राहतं. आता बसायचं, तेही पाऊस पुन्हा सुरू होणार नाही इतक्या हळू.

इथे घाई फार होते. बाईंना पुढचा पाठ दिसत असतो, म्हणून त्या पाचावरून थेट दोनावर येतात. मागच्या बाकांवर अजून पाच बोटं वाजत असली, तर आकडा बदलू नये. हात वर धरून थांबावं. मागचा बाक खाली आला की मगच पुढची पायरी.

यानंतर दीड मिनिट श्वासाचं. मुलांना प्राणायामाची भाषा सांगायची गरज नाही. डावा पंजा पसरायचा, उजव्या हाताची तर्जनी अंगठ्याच्या बुडाशी ठेवायची आणि पंजा गिरवायचा. बोटावर चढताना नाकाने श्वास आत, उतरताना बाहेर. चढताना बाई मनात तीन मोजतात, उतरताना पाच. उतरणं लांब ठेवण्यात मर्म आहे, कारण श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना मंदावते. बाहेर पडणारा श्वास लांबवला की मंदावण्याचा वाटा वाढतो. एका पंजाला साधारण चाळीस सेकंद लागतात. मग हात बदलून दुसरा पंजा.

श्वास कोंडून धरायला मुळीच सांगू नये. पोट भरलेलं असताना पुढे वाकण्याचे व्यायाम किंवा उड्याही नकोत. सर्दी झालेल्या किंवा दमा असलेल्या मुलाने श्वास आपल्या सोयीने घ्यावा आणि फक्त पंजा गिरवावा. डोळे मिटण्याची सक्ती करू नये. काही मुलांना वर्गात डोळे मिटणं असुरक्षित वाटतं. त्यांनी बोटाकडे पाहिलं तरी पुरतं.

आता कुठे शांततेचा खेळ चालतो, तोही दीड मिनिटच. बाई कुजबुजल्यासारख्या म्हणतात, ‘शाळेच्या बाहेरचे आवाज मोजा.’ मुलं बोटांवर मोजतात: रस्त्यावरची एसटी, पंपाची घरघर, पातेलं घासल्याचा आवाज, कावळा. शेवटी तिघांनाच विचारायचं, आणि तेही हळू. 36 जणांना विचारलं तर आपलाच आवाज सांगायला सगळे हात वर करून ओरडू लागतात. ज्याला ऐकायला कमी येतं, अशा मुलाला खिडकीतून हलणाऱ्या गोष्टी मोजायला द्याव्यात. त्याच्यासाठी टाळ्यांतही बोटांचे इशारे आहेतच, म्हणून त्याची जागा बाईंचा हात दिसेल अशी हवी.

उरलेली दोन मिनिटं पाटीची. फळ्यावर काम आधीच लिहिलेलं असावं, सुट्टी होण्यापूर्वी. कालच्या पाठातले तीन शब्द, किंवा प्रत्येक मुलाला जमतील अशा तीन बेरजा. नवं काही नाही. बाईंनी फळ्याकडे पाठ वळवून लिहायला घेतलं, तर एवढा वेळ उतरवलेला आवाज त्या वीस सेकंदांत परत चढतो. बाई फळ्याकडे फक्त बोट दाखवतात आणि पाटीवर पेन्सिली चालू लागतात.

तक्रारींचं काय? ‘बाई, ह्याने मला ढकललं’ हे दारातच ऐकू येतं, आणि त्याचा न्याय करत बसलं तर दहाच्या दहा मिनिटं त्यातच जातात. न ऐकल्यासारखं केलं तर ते मूल पूर्ण तास आतल्या आत धुमसतं. त्यासाठी फळ्याचा एक कोपरा राखावा. तक्रार असलेल्याने आत येताना तिथे स्वतःचं नाव लिहायचं, दुसऱ्याचं नाही. बाई पाटीच्या दोन मिनिटांत त्याच्याजवळ जाऊन खाली बसतात आणि ऐकतात. तोपर्यंत बऱ्याच जणांनी आपलं नाव स्वतःच पुसलेलं असतं. मात्र कुणाला लागलं असेल, रक्त आलं असेल, तर कोपरा बाजूला ठेवून आधी ते पाहायचं.

वर्गप्रमुखाला बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला लावण्याची पद्धत या दहा मिनिटांत तरी बंद ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. त्याने मुलांचं लक्ष टाळीवरून आणि श्वासावरून उठून फळ्यावर जातं: माझं नाव आलं का, त्याचं का नाही आलं. तसंच ‘चिमणी उड’सारखे बाद होण्याचे खेळ. ते सुंदर आहेत, पण त्यांत हरणं-जिंकणं आहे, आणि बाद झालेली मुलं रिकामी बसतात. त्यांची जागा सकाळी.

पावसाळ्यात मुलं बाहेर गेलेलीच नसतील, तर अंगातला खेळ खर्च झालेला नसतो. त्या दिवशी टाळ्यांआधी जागेवर उभ्या-उभ्या एक मिनिट पावलं आपटू द्यावीत आणि दारातला वेळ तेवढा कमी करावा. एप्रिलमध्ये पत्र्याखाली अडचण उलटी असते. मुलं पेंगुळलेली येतात. तेव्हा पंजा एकच गिरवावा आणि टाळ्यांना वेळ जास्त द्यावा. ज्याने डबाही खाल्ला नाही आणि खिचडीही, त्याचं चित्त यांपैकी कशानेही लागणार नाही. त्याला आधी खायला द्यायला हवं.

हे जमतंय की नाही, ते शांततेवरून ठरवू नये. घड्याळ पाहावं: शेवटचं मूल आत आल्यापासून शेवटच्या बाकावरच्या पाटीवर पहिलं अक्षर उमटेपर्यंत किती वेळ गेला, आणि मध्ये बाईंना किती वेळा तोंडाने टोकावं लागलं. पहिल्या आठवड्यात दोन्ही आकडे मोठेच येतील. क्रम रोज तोच ठेवला तर ते उतरू लागतात, कारण पुढे काय येणार हे मुलांना कळलेलं असतं. आकडे अडून बसले, तर बहुतेक वेळा एकच पायरी घाईत होत असते, आणि ती टाळ्यांचीच असते. आकडे उतरले की पावसाची सूत्रं एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती द्यावीत. मग दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींना तेवढ्या वेळात दुसऱ्या इयत्तेच्या वह्या वाटून घेता येतात.