पाच नंबरची मशीन

नोकरी शोधता शोधता, करिअर बदलताना काय शिकले याचं एक कॅरूसेल करायला घेतलं. पहिल्या स्लाइडवर लिहिलं, 'एसक्यूएल शिका'. मग ते खोडलं, कारण माझं अडलं होतं ते त्याच्याही आधी.

सहा वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचं ठरवलं, तेव्हा बायोडेटात त्या सहा वर्षांना एकच ओळ दिली, 'तपासणी व नोंदी', आणि खाली नव्या कोर्सची सर्टिफिकेटं मांडली. चार महिने एकही फोन आला नाही. एका जुन्या सहकाऱ्याने बायोडेटा वाचून विचारलं, "शाफ्टचं ते प्रकरण यात कुठे आहे?"

प्रकरण असं. लेथवर शाफ्टचा व्यास २० मिलिमीटर ठेवायचा, फरक फार तर ०.०२ चालायचा. दर तासाला पाच नग मोजून तक्त्यावर मांडायचे. इन्सर्ट झिजत जातो तसा व्यास वाढतो, म्हणून ऑपरेटर ऑफसेट थोडा थोडा आत घेत राहतो. जाड नग पुन्हा कापता येतो, बारीक झालेला मात्र भंगारात जातो. आमच्याकडे बारीक नग वाढले होते आणि सगळे रात्रपाळीला दोष देत होते.

मी तीन महिन्यांचे कागद एक्सेलमध्ये भरले. पाळीप्रमाणे सरासरी काढली, तर फरक दिसेना. मग प्रत्येक नग इन्सर्ट बदलल्यानंतर कितवा, हे मोजलं. बारीक नगांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या दहांतले होते. इन्सर्ट नवा बसायचा, पण झिजलेल्यासाठी आत घेतलेला ऑफसेट तसाच राहायचा. तो मागे घेऊन पहिला नग मोजायचा, असा नियम केला आणि भंगार उतरलं.

हीच गोष्ट बायोडेटात चार ओळींत लिहिली. पुढच्या महिन्यात दोन मुलाखती आल्या.

दुसऱ्या मुलाखतीत चुकले. प्रत्येक मशीनचे नापास नग मोजून यादी द्यायची होती. मी मशीन आणि नापास नगांची टेबलं `INNER JOIN`ने जोडली. ज्या मशीनवर एकही नग नापास नव्हता, ती यादीतूनच गळली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, "पाच नंबरची मशीन कुठे गेली?" मला उत्तर देता आलं नाही. कारखान्यात असते तर याच मशीनपाशी मी आधी गेले असते, तिथला ऑपरेटर वेगळं काय करतो ते बघायला. पडद्यासमोर बसल्यावर ती नजर मी बाहेर ठेवून आले होते.

ती नोकरी मिळाली नाही. घरी येऊन `LEFT JOIN` लावून पाहिलं. पाच नंबरची मशीन आली, पण पुढे १. `COUNT(*)` रिकामी जोडलेली ओळही मोजतं. नापास नगाचा क्रमांक मोजायला सांगितला, तेव्हा तिच्यापुढे ० आला.