'होता' किती वेळा?

कथा लिहिणाऱ्याला फ्लॅशबॅक सुचतो तेव्हा त्याच्या हातून एक गोष्ट आपोआप घडते. मागची हकीकत सुरू झाली, की प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'होता', 'होती', 'होतं' येऊन बसतं. व्याकरणात याला पूर्ण भूतकाळ म्हणतात. कथेची मुख्य घटना 'आला', 'बसली', 'उघडलं' अशा साध्या भूतकाळात चालू असते, म्हणून त्याही आधी घडलेलं 'आला होता' असं सांगायचं, हे बरोबरच आहे. चुकतं ते पुढे, कारण हा 'होता' सोडायचा कधी, हे कुणी सांगत नाही.

एक उतारा मुद्दाम कच्चा लिहून पाहू.

नलूने पेटीचं झाकण उघडलं. वर अण्णांचा पांढरा कोट होता. तो त्यांनी वासूच्या लग्नात घातला होता. लग्न सांगलीला झालं होतं. पहाटेच वळवाचा पाऊस सुरू झाला होता. मांडव गळू लागला होता. अण्णा स्वतः बांबूवर चढले होते. वासूने हाका मारल्या होत्या, पण त्यांनी ऐकलं नव्हतं. कोटाची बाही खिळ्यात अडकून फाटली होती. नलूने ती उभ्या उभ्याच शिवली होती. अण्णा हसले होते.

यात व्याकरणाची एकही चूक नाही, तरी वाचताना कंटाळा येतो. इंग्रजीतही हाच प्रश्न आहे. तिथेही लेखनाचे शिक्षक सांगतात, की सुरुवातीला दोन-तीनदा 'हॅड' वापरा आणि मग साध्या भूतकाळात या. पण इंग्रजीतला 'हॅड' वाक्याच्या पोटात असतो, बोलण्यात आणि संवादात तर तो आखडून एका अक्षरावर येतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे 'होता' नेमका पूर्णविरामाआधी, सगळ्यात ठळक जागी आदळतो. बोलीने यावर कधीच तोड काढली आहे. 'गेलता', 'आल्ता' म्हणणारा माणूस दोन शब्दांचा एक करून मोकळा होतो. प्रमाण मराठीत लिहिणाऱ्याला ती सोय नाही.

नुसता कानाला त्रास झाला असता तर चालवून घेतलं असतं. खरं नुकसान वेगळं आहे. 'चढले होते' म्हटलं, की ती घटना संपून गेलेली ऐकू येते आणि वाचक तिचा अहवाल वाचतो. 'चढले' म्हटलं, की अण्णा त्याच्या समोर चढतात. मांडव गळत असताना आपण तिथे असायला हवं, आणि 'होते' आपल्याला पेटीशीच उभं ठेवतं.

आता तोच उतारा पुन्हा.

नलूने पेटीचं झाकण उघडलं. वर अण्णांचा पांढरा कोट होता. तो त्यांनी वासूच्या लग्नात घातला होता. लग्न सांगलीला झालं होतं, ऐन मे महिन्यात, आणि पहाटेच वळवाचा पाऊस सुरू झाला. मांडव गळू लागला. अण्णा स्वतः बांबूवर चढले. वासूने हाका मारल्या, त्यांनी ऐकलं नाही. बाही खिळ्यात अडकून फाटली, तेव्हा कुठे ते खाली आले. नलूने ती उभ्या उभ्याच शिवली. पांढरा दोरा संपला होता, म्हणून काळ्याने. अण्णा हसले. तो काळा टाका अजून तसाच होता. नलूने कोटाची घडी घालून तो पेटीत परत ठेवला.

बदल कुठे झाला पाहा. 'घातला होता' आणि 'झालं होतं' या दोन क्रियापदांनी वाचक मागे गेला. पाऊस सुरू झाला, म्हणजे प्रसंग हलायला लागला, तिथे 'होता' सुटला. तोही नव्या वाक्यात नाही, चालू वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात, त्यामुळे काळ बदलल्याचं जाणवतही नाही. माहिती संपून घटना सुरू होते, ती जागा शोधायची. आणि एकदा सोडल्यावर मध्येच परत धरायचा नाही. 'मांडव गळू लागला. अण्णा बांबूवर चढले होते.' असं लिहिलंत, तर अण्णा गळतीच्या आधीपासूनच वर बसलेले आहेत, असा अर्थ होतो.

मग 'दोरा संपला होता' का ठेवलं? दोरा शिवण्याच्या आधी संपलेला होता, म्हणून. भूतकाळाच्याही मागचं सांगण्याची ही एकच खूण आपल्याकडे आहे. कच्च्या उताऱ्यात सगळीकडे 'होता' असल्यामुळे ती बोथट झाली होती. तिथे हे वाक्य घातलं असतं, तर दोरा केव्हा संपला ते कळलंच नसतं.

आत जाण्यापेक्षा बाहेर येणं अवघड, असं माझं मत आहे. आठवणही साध्या भूतकाळात आणि मूळ कथाही साध्या भूतकाळात, मग आपण परत आलो हे वाचकाला कसं कळणार? वरच्या उताऱ्यातून टाक्याचं वाक्य काढून वाचा: 'अण्णा हसले. नलूने कोटाची घडी घालून तो पेटीत परत ठेवला.' म्हणजे मांडवातच घडी घातली? नलू दोन्ही काळांत आहे, कोट दोन्ही काळांत आहे, म्हणून घोटाळा. 'अजून' या शब्दाने तो मिटतो. 'आता'नेही मिटतो, किंवा आठवणीत नसलेली एखादी वस्तू वा आवाज आणूनही. काही लेखक शेवटच्या वाक्यात पुन्हा एकदा पूर्ण भूतकाळ आणतात, 'त्यानंतर अण्णांनी तो कोट कधी घातला नव्हता', आणि तिथून वर्तमान प्रसंगात येतात. हा मार्ग सगळ्यात भरवशाचा.

'होता' दिसला की खोडा, असं मात्र नाही. 'वर कोट होता' यातला 'होता' मुख्य क्रियापद आहे, त्याला हात लावायचा नाही. 'शिवत होती' यातला अपूर्ण भूतकाळाचा, तोही वेगळा. आठवण एक-दोन वाक्यांचीच असेल, तर पूर्ण भूतकाळ शेवटपर्यंत ठेवावा, कारण एवढ्याशा आठवणीसाठी आत-बाहेर करण्यात वाचकाची दमछाक होते. एकच प्रसंग न सांगता सवय सांगायची असेल, तर 'अण्णा दर रविवारी कोट उन्हात टाकायचे' हे पुरतं. मूळ कथा वर्तमानकाळात असेल, तर आठवण पहिल्या वाक्यापासून साध्या भूतकाळात चालते. आणि अख्खं पुस्तकच आठवण असेल, तर प्रश्नच येत नाही. 'श्यामची आई'त श्याम रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो, त्यात सगळीकडे 'होता' धरून ठेवला असता तर 42 रात्री कुणी ऐकलं असतं?

संवादाचा नियम मात्र निराळा. 'काल मी बाजारात गेलो होतो' असं आपण सहज म्हणतो, त्यात कुठल्या दुसऱ्या घटनेच्या आधी असं काही नसतं. 'गेलो आणि परतलो' एवढंच त्यात असतं. 'वासू पुण्याला गेला' म्हटलं तर तो अजून तिकडेच असू शकतो, 'गेला होता' म्हटलं की बहुधा परत आलेला. म्हणून पात्राच्या तोंडचा 'होता' निवेदनाच्या हिशेबाने कापू नये.

आपल्या कथेतला फ्लॅशबॅक काढून पेन्सिलीने फक्त पूर्ण भूतकाळाच्या 'होता'भोवती गोल करा. ओळीने चार गोल पडले, तर तिसऱ्यापासून खोडून उतारा मोठ्याने वाचा. घटनांचा क्रम कळेनासा झाला, तर जिथे अडखळलात तिथला एकच परत लिहा.