ग्रुप स्वतःलाच हलवतो तेव्हा

आर्थर केली 1854 मध्ये लंडनमध्ये वकिली करत होते. केम्ब्रिजची प्राध्यापकी त्यांना पुढे 1863 मध्ये मिळाली. वकिलीच्या त्या वर्षांतच त्यांनी ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये ग्रुपबद्दल एक लेख लिहिला. तोवर लाग्रांज, कोशी, गाल्वा यांच्या लेखी ग्रुप म्हणजे समीकरणाच्या मुळांची अदलाबदल, म्हणजेच पर्म्युटेशन. केलींनी मुळं बाजूला ठेवली आणि नुसत्या चिन्हांचा गुणाकार-तक्ता मांडला. मग प्रश्न उभा राहतो: असे तक्ते मोकळेपणाने मांडता येत असतील, तर अदलाबदलीच्या रूपात कधीच न बसणारा एखादा सांत ग्रुप निघेल का?

निघणार नाही, असं केलींचं प्रमेय सांगतं. त्याची सिद्धता एका पोस्टकार्डावर करून पाहता येते.

कार्ड टेबलावर ठेवा. ते उचलून पुन्हा त्याच चौकटीत बसवण्याच्या चारच रीती आहेत. काहीच न करणं, याला ‘ज’ म्हणू, जैसे थे. डावी-उजवी बाजू बदलणारी पलटी ‘आ’. वरची-खालची बाजू बदलणारी पलटी ‘उ’. आणि टेबलावरच दिलेला अर्धा फेरा ‘फ’. आधी उ आणि मग आ केलं, तर जो परिणाम होतो तो फ-चाच; हे आ·उ = फ असं लिहू. कोणतीही कृती दोनदा केली की कार्ड पूर्ववत.

आता कार्ड विसरा. आ-ने कार्डाऐवजी या चार अक्षरांनाच हलवायचं: प्रत्येक अक्षराच्या डावीकडे आ लावून गुणाकार करायचा. आ·ज = आ, आ·आ = ज, आ·उ = फ, आ·फ = उ. म्हणजे ज आणि आ यांनी जागा बदलल्या, उ आणि फ यांनीही. उ लावला तर ज-उ आणि आ-फ या जोड्या बदलतात. फ लावला तर ज-फ आणि आ-उ. चार अक्षरांच्या एकूण 24 अदलाबदलींपैकी या तीन, शिवाय ज-ची ‘कोणीच न हलणारी’, अशा चार घेतल्या की पोस्टकार्डाचा ग्रुप जसाच्या तसा हाती येतो.

हे इथेच जमलं असं नाही. दोन वेगळी अक्षरं एकाच जागी कधी येत नाहीत, कारण आलीच तर लावलेली कृती उलटवून ती पुन्हा एकच ठरतील. दोन कृती एकापाठोपाठ लावणं आणि त्यांचा गुणाकार एकदम लावणं यांत फरक नाही, कारण गुणाकारात कंस कुठेही घातला तरी चालतो. आणि सर्वांत सुंदर भाग: कोणती कृती लावली हे ओळखायला फक्त ज कुठे गेला ते पाहायचं. ग लावली तर ज थेट ग-च्या जागी जातो, म्हणून दोन निरनिराळ्या कृतींची अदलाबदल कधीच सारखी होत नाही. तेव्हा n घटकांचा कोणताही ग्रुप n वस्तूंच्या सगळ्या अदलाबदलींच्या, म्हणजे सिमेट्रिक ग्रुपच्या, पोटात बसतो.

स्वतःवर काम करण्याची रीत मात्र नीट निवडावी लागते. डावीकडे ग आणि उजवीकडे ग-ची उलट कृती लावणं ही ग्रुपसिद्धांतात नेहमीची रीत. पोस्टकार्डावर ती वापरली तर चारही अक्षरं जागच्या जागी राहतात, कारण तिथे गुणाकाराचा क्रम बदलल्याने काही बिघडत नाही. मग आ, उ, फ वेगळे ओळखूच येत नाहीत.

केलींची पद्धत काटकसरी नाही, हेही खरं. समभुज त्रिकोणाच्या सहा कृती त्याच्या तीन कोपऱ्यांच्या अदलाबदलींत सहज मावतात. ही पद्धत त्यांना सहा वस्तूंच्या 720 अदलाबदलींत नेऊन बसवते. पण सगळीकडे अशी बचत होत नाही. हॅमिल्टन यांना 1843 मध्ये डब्लिनमध्ये सुचलेल्या क्वाटर्नियन संख्यांतला आठ घटकांचा ग्रुप पाहा: 1, −1, i, −i, j, −j, k, −k. सातच वस्तूंवर तो बसवू म्हटलं, तर कोणतीही एक वस्तू घ्या. आठ घटक तिला जास्तीत जास्त सात जागी नेणार, म्हणून दोन घटक तिला एकाच जागी नेतात. एक लावून दुसरा उलटवला की 1 सोडून असा घटक मिळतो, जो त्या वस्तूला हलवतच नाही. तो −1 तरी असतो, किंवा त्याचा वर्ग −1 असतो. दोन्ही प्रकारे −1 त्या वस्तूला हलवत नाही. हे प्रत्येक वस्तूला लागू पडतं, म्हणजे −1 आणि 1 यांच्यात फरकच उरत नाही. या ग्रुपला आठ वस्तू लागतातच. केलींच्या प्रमेयात दिलेली संख्या इथे एकानेही कमी करता येत नाही.